रांगणारे बाळ, सातव्या मजल्यावरची गॅलरी आणि गजांमधील अंतर

मृण्मयी_मुलुंड

नमस्कार. आमची मुलगी आता साडेआठ महिन्यांची आहे. गेल्या पंधरा दिवसांत ती इतक्या वेगाने रांगू लागली आहे की, स्वयंपाकघरातून मी वळून पाहीपर्यंत ती बैठकीच्या खोलीतून गॅलरीच्या दारापाशी पोहोचलेली असते. आम्ही मुलुंडला सातव्या मजल्यावर राहतो. घर दोन खोल्या आणि बैठकीची खोली एवढेच आहे, परंतु मला तीन ठिकाणांची काळजी वाटते.

पहिले ठिकाण गॅलरी. तिला बिल्डरने बसवलेला लोखंडी उभ्या गजांचा कठडा आहे. त्याची उंची साडेतीन फूट आहे, म्हणजे ती पुरेशी वाटते, पण गजांमधून माझी मूठ सहज आरपार जाते आणि कठड्याची खालची आडवी पट्टी लादीपासून बरीच वर आहे. दुसरे ठिकाण झोपण्याच्या खोलीतील सरकती खिडकी. तिचा कट्टा जमिनीपासून फक्त दीड फुटावर आहे, बाहेरच्या बाजूला कट्ट्याच्या वर आणखी दीड फूट उंचीचा छोटा कठडा आहे आणि आमचा पलंग नेमका त्या खिडकीला लागून आहे. तिसरे ठिकाण म्हणजे सासूबाईंचे चारकोपचे बैठे घर, जिथे आम्ही दर शनिवारी-रविवारी जातो. तिथे आतून माळ्यावर जाणारा लोखंडी जिना आहे आणि तो जवळजवळ शिडीइतका चढा आहे.

सध्या आम्ही गॅलरीच्या कठड्याला आतून हिरवे शेडनेट प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधले आहे. यजमानांचे म्हणणे असे की तारेचे ‘इन्व्हिजिबल ग्रिल’ बसवून घ्यावे. सासूबाईंचे म्हणणे असे की दार बंद ठेवले म्हणजे झाले. प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे की गजांमध्ये नेमके किती अंतर असले म्हणजे बाळ सुरक्षित आहे असे मानता येईल.

समीर_दे

मृण्मयीताई, याचे उत्तर ठरलेले आहे. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत कठड्याच्या कोणत्याही फटीतून चार इंच व्यासाचा गोळा जाता कामा नये असे म्हटलेले असते. तुमच्या गजांमधील अंतर चार इंचांपेक्षा कमी असेल तर काहीही करण्याची गरज नाही, जास्त असेल तर मध्ये काहीतरी भरून ते चार इंचांखाली आणावे. जिन्यासाठी दोन भिंतींमध्ये दाबून बसणारे तयार फाटक मिळते. त्यासाठी भिंतीला भोकही पाडावे लागत नाही आणि बाळ मोठे झाल्यावर ते काढून ठेवता येते. आमच्याकडे ते दीड वर्ष होते आणि त्याने कधीही त्रास दिला नाही.

कुर्ल्याचे_लोखंडकाम

मी कुर्ल्यात गेली बावीस वर्षे ग्रिल आणि कठडे बनवतो, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

समीररावांनी सांगितलेला चार इंचांचा नियम खरा आहे, परंतु त्याचा हेतू एवढाच की मूल संपूर्ण शरीरासह आरपार जाऊन खाली पडू नये. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत धोका निराळा असतो. बाळाचे डोके त्याच्या छाती-पोटापेक्षा रुंद असते. पाय पुढे करून, पालथे होऊन, मागे सरकत ते एखाद्या फटीत शिरले, तर पाय जातात, मग कंबर जाते, छातीसुद्धा दबून जाते, पण डोके अडकते आणि सगळा भार मानेवर येतो. म्हणूनच अमेरिकेत बाळाच्या पाळण्याच्या गजांमधील अंतर सव्वादोन इंचांच्या थोडे वर, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटरपर्यंतच ठेवावे लागते. तिकडच्या बागांतील खेळण्यांसाठी आणखी एक माप वापरतात. त्यानुसार साडेतीन इंचांपासून नऊ इंचांपर्यंतच्या बंदिस्त फटीत मुलाचे डोके अडकू शकते असे मानतात. म्हणजे चार इंचांची फट पडण्यापासून वाचवते, पण अडकण्याच्या पट्ट्यात बसते.

मला विचाराल तर रांगणारे बाळ जिथे हात-पाय पोहोचवू शकते तिथे, म्हणजे लादीपासून निदान अडीच-तीन फूट उंचीपर्यंत, मी सहा सेंटिमीटर हेच माप धरतो. गिऱ्हाईक कधीकधी म्हणतात की इतके गज लावले तर तुरुंगासारखे दिसेल. दिसण्याबद्दल मला काही बोलायचे नाही.

आपण एक करावे. सहा सेंटिमीटर जाडीचा आणि दहा-बारा सेंटिमीटर लांबीचा लाकडी ठोकळा सुताराकडून कापून घ्यावा आणि तो प्रत्येक फटीत आडवा, उभा, तिरपा असा घालून पाहावा. नुसती टेप लावून मोजले तर कोपऱ्यातली फट हमखास सुटते. भिंत आणि शेवटचा गज यांच्यामधली फट बहुतेक घरांत सर्वांत मोठी असते, कारण गजांची वाटणी करताना उरलेले अंतर तिकडे ढकललेले असते. आपल्या कठड्याची मापे इथे लिहावीत, मग काय करता येईल ते सांगतो.

शेडनेटबद्दल स्पष्टच सांगतो. ते ऊन अडवण्यासाठी असते, बाळाचा भार पेलण्यासाठी नसते. शिवाय प्लास्टिकच्या पट्ट्या गॅलरीतल्या उन्हात काही महिन्यांत ठिसूळ होतात आणि बोटाने दाबल्या तरी तुटतात.

गिरगावकर_जोशी

आमच्याकडेही हाच त्रास होता. कबुतरांनी गॅलरीत घरटे केले होते आणि विष्ठेमुळे घरात सतत खोकला असे. आम्ही नायलॉनची बारीक जाळी चारही बाजूंनी हुकांना ताणून लावली. काम एका दिवसात झाले, खर्चही बेताचा आला आणि त्यानंतर एकही कबूतर आत आले नाही. तुम्हीही तेच करावे. लहान मूल घरात असताना कबुतरे नकोतच.

मृण्मयी_मुलुंड

जोशीकाका, आपला सल्ला कबुतरांसाठी उपयोगी आहेच आणि आमच्याकडे तीही आहेत. पण माझा प्रश्न बाळ आतून बाहेर जाऊ नये याबद्दल आहे. ती जाळी बाळाचा भार पेलू शकते का, हे आपल्याला माहीत असल्यास जरूर सांगावे.

गिरगावकर_जोशी

माझी चूक झाली, मी प्रश्न घाईत वाचला. भाराचे सांगायचे तर, आमची जाळी तीन वर्षांनी दक्षिणेकडच्या बाजूला, जिथे दुपारचे ऊन थेट येते, तिथे हाताने ओढताच सुतासारखी तुटली. सावलीच्या बाजूला मात्र ती अजून शाबूत आहे. तेव्हा बाळासाठी तिच्यावर भरवसा ठेवावा असे मी म्हणणार नाही.

पुष्पाताई_चारकोप

मृण्मयी, तुझ्या सासूबाईंच्या जिन्यासारखाच जिना आमच्या घरात आहे, म्हणून लिहिते. चारकोपच्या या बैठ्या घरांमध्ये जागा कमी असल्यामुळे पुष्कळांनी माळा काढून आतून लोखंडी जिना घेतला आहे. त्याच्या पायऱ्या अरुंद असतात, चढ फार असतो आणि दोन पायऱ्यांच्या मधली जागा मोकळी असते.

माझा नातू दहा महिन्यांचा असताना चाकांच्या वॉकरमध्ये होता. आम्ही त्याला माळ्यावर बसवत असू, कारण खाली स्वयंपाक चालू असायचा. जिन्याच्या तोंडाशी आम्ही दोन भिंतींमध्ये दाबून बसणारे फाटक लावले होते. एका दुपारी तो वॉकरसकट धावत आला आणि फाटकावर आदळला. फाटक एका बाजूने निसटले आणि वॉकर पहिल्या पायरीवर तिरपा होऊन अडकला. माझ्या सुनेने त्याला हाताने धरले म्हणून तो वाचला. वॉकर त्याच संध्याकाळी आम्ही मोडून टाकला. कॅनडात 2004पासून बाळांच्या वॉकरवर बंदी आहे हे मला नंतर कळले. समीररावांचे फाटक दीड वर्ष टिकले याचा मला आनंद आहे, पण ते जिन्याच्या वरच्या तोंडाशी होते की खालच्या, हे त्यांनी सांगावे.

समीर_दे

पुष्पाताई, आमचे फाटक स्वयंपाकघराच्या दारात होते. आमच्या घरात जिना नाही. मी जिन्याबद्दल अनुभवाशिवाय लिहिले, हे मान्य करतो. चार इंचांच्या नियमाबद्दल मात्र मी अजूनही म्हणेन की तो निराधार नाही. नव्या इमारतींचे कठडे त्याच हिशेबाने केलेले असतात आणि तिथे हजारो मुले राहतात.

कुर्ल्याचे_लोखंडकाम

समीरराव, नियम निराधार आहे असे मी म्हटलेले नाही. चालत्या-बोलत्या मुलासाठी तो पुरेसा ठरतो. प्रश्न फक्त पहिल्या वर्षा-दीड वर्षाचा आहे, आणि मृण्मयीताईंचे बाळ नेमके त्या वयाचे आहे.

जिन्याबद्दल पुष्पाताईंनी सांगितलेली घटना मी दुसऱ्या घरांमध्येही ऐकली आहे. दाबून बसणारे फाटक केवळ घर्षणावर उभे असते. दारात ते निसटले तर बाळ फार तर जमिनीवर बसते, पण जिन्याच्या वरच्या तोंडाशी ते निसटले तर बाळ आणि फाटक दोन्ही एकदम खाली येतात. आणखी एक दोष असा की त्या फाटकाची खालची आडवी पट्टी दार उघडल्यावरही जागेवरच राहते, त्यामुळे बाळाला कडेवर घेऊन जिना उतरणाऱ्या माणसाचा पाय त्या पट्टीत अडकतो. म्हणून वर फक्त स्क्रूने पक्के केलेले फाटक लावावे. ते जिन्याच्या दिशेने उघडू नये, खोलीच्या दिशेने उघडावे आणि त्याच्या खाली पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहू नये. गज उभेच असावेत, आडवे असले की फाटकाचीच शिडी होते.

चारकोपच्या घरांत एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला गोल पाइपचा खांब असतो. पाइपला स्क्रू नीट बसत नाही. तिथे यू आकाराचे बोल्ट घालून पाइपला उभी लाकडी फळी आवळावी आणि फाटकाचे बिजागर त्या फळीवर बसवावे. पायऱ्यांमधली मोकळी जागा मागच्या बाजूने प्लायवूडच्या पट्ट्या लावून बंद करता येते. हे काम सुतार अर्ध्या दिवसात करतो.

पुष्पाताई_चारकोप

आम्ही शेवटी हेच केले. खालच्या फाटकाबद्दल एक अनुभव सांगते. ते आम्ही पहिल्या पायरीला न लावता दुसऱ्या पायरीनंतर लावले, म्हणजे नातवाला दोन पायऱ्या चढण्या-उतरण्याचा सराव करता आला. उतरताना पोटावर पालथे होऊन पाय आधी खाली सोडायचे, हे त्याला आठ-दहा दिवसांत जमले. माझ्या सुनेला ते पटले नव्हते आणि तिचे म्हणणे आजही वेगळेच आहे. तिच्या मते, पायऱ्यांची गोडी लागली की मूल फाटक उघडे राहण्याची वाट पाहते.

मृण्मयी_मुलुंड

पुष्पाताई, काका, मनापासून आभार. काल रात्री यजमानांनी आणि मी मिळून सगळे मोजले. गॅलरीच्या कठड्याचे गज अर्ध्या इंचाचे चौकोनी आहेत. दोन गजांमधली मोकळी जागा पाच इंच, म्हणजे 12.7 सेंटिमीटर आहे. खालच्या आडव्या पट्टीपासून लादीपर्यंत साडेचार इंच, म्हणजे साधारण 11.4 सेंटिमीटर जागा आहे. भिंतीजवळची फट, काकांनी म्हटल्याप्रमाणे, सर्वांत मोठी म्हणजे साडेपाच इंच निघाली. हे आकडे वाचल्यानंतर आम्ही गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली आहे आणि तूर्त ते दार बंदच ठेवतो.

झोपण्याच्या खोलीत मात्र मला काय करावे ते सुचत नाही. पलंग हलवायला दुसरी भिंत आहे, पण तिथे कपाट आहे आणि पंखा त्या बाजूला पोहोचत नाही. खिडकीला डासांची जाळी असलेले सरकते झाप आहे. ते नेहमी लावलेले असते, म्हणून मला आजवर ती खिडकी तितकीशी धोक्याची वाटली नव्हती.

कुर्ल्याचे_लोखंडकाम

आधी गॅलरी घेतो, कारण ती सोपी आहे. पाच इंच म्हणजे 12.7 सेंटिमीटर. प्रत्येक फटीच्या मधोमध चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा, एक गज उभा घातला की उरतात सुमारे साडेअकरा सेंटिमीटर आणि ते दोन भागांत वाटले की प्रत्येक फट पावणेसहा सेंटिमीटरची होते. आपला ठोकळा त्यातून जाणार नाही. भिंतीजवळच्या साडेपाच इंचांच्या फटीत मात्र एक गज पुरत नाही. तिथे एका गजाने दोन्ही बाजूंना सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर राहतात, म्हणून दोन गज घालावेत. खालच्या साडेचार इंचांच्या फटीत एक इंची पाइप आडवा घातला की वर आणि खाली साडेचार-साडेचार सेंटिमीटर उरतात. पाणी वाहून जायला तेवढी वाट पुरते, ती पूर्ण बंद करू नये, नाहीतर पावसाळ्यात गॅलरीचे पाणी घरात येईल.

एक अडचण राहते, तीही सांगतो. खालची पट्टी आणि नवा पाइप यांवर उद्या मूल पाय ठेवून उभे राहील. तेव्हा कठड्याची उंची लादीपासून न मोजता पाय ठेवता येईल अशा सर्वांत वरच्या आडव्या भागापासून मोजावी. आपला कठडा साडेतीन फुटांचा आहे. पट्टी पाच इंचांवर आहे असे धरले तर प्रत्यक्ष उंची तीन फूट एक इंच उरते. रांगणाऱ्या बाळाला ती पुरेशी आहे, दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मी ती पुरेशी मानत नाही. तोपर्यंत आतून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावून घ्यावा, म्हणजे पाय ठेवायला जागाच उरत नाही. ॲक्रिलिक घेऊ नये, ते आपटल्यावर तडकते. पत्रा बोल्ट आणि वॉशर लावून आवळावा आणि खाली बोटभर फट सोडावी.

वेल्डिंग झाल्यावर त्याच दिवशी सांधे घासून गंजरोधक रंग द्यायला सांगावे. समुद्राजवळ असो वा मुलुंडला असो, रंग न दिलेल्या सांध्यावर पहिल्या पावसातच तांबडा डाग उठतो. शिवाय सध्याचा कठडा पक्का आहे की नाही हेही पाहावे. प्रत्येक खांबाला गुडघ्याने जोर लावावा. खांबाच्या बुडाशी सिमेंटची भुकटी गळली, किंवा लादी आणि खांब यांमध्ये केसाएवढी फट उघडून मिटताना दिसली, तर नवे गज घालण्याआधी तो खांब दुरुस्त करावा लागेल. बऱ्याचदा खांब काँक्रीटमध्ये न रुतवता वरच्या लादीच्या थरातच बसवलेले असतात.

आरती_नर्स

मी दादरच्या एका दवाखान्यात बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. खिडकीबद्दल लिहिते, कारण मृण्मयीताईंचे जाळीबद्दलचे वाक्य वाचून मला राहवले नाही. डासांची जाळी ही डासांपुरतीच असते. ती रबराच्या दोरीने खाचेत बसवलेली असते आणि बाळाने तिला पाठ टेकली तरी ती कोपऱ्यातून सुटते. कधी जाळी टिकते, पण संपूर्ण झाप रुळावरून उचलले जाते, कारण जाळीचे झाप हलके असते. जाळी लावलेली दिसली की मोठ्या माणसांना खिडकी बंद असल्यासारखी वाटते आणि म्हणूनच ती उघड्या खिडकीपेक्षा फसवी आहे.

आता पलंगाचा हिशेब करा. गादीची वरची बाजू जमिनीपासून साधारण वीस इंचांवर असते. तुमचा कट्टा दीड फुटांवर, म्हणजे अठरा इंचांवर, आणि त्यावर दीड फुटांचा कठडा, म्हणजे जमिनीपासून एकूण तीन फूट. गादीवर उभ्या असलेल्या बाळासाठी त्यातले केवळ सोळा इंच उरतात. आज तुमची मुलगी रांगते आहे, पण आधार धरून उभे राहणे बहुतेक बाळांना आठ ते दहा महिन्यांदरम्यान जमते. ती उभी राहील त्या दिवशी तो कठडा तिच्या छातीच्या आसपास असेल आणि बाळाचे डोके जड असल्यामुळे तोल पुढेच जातो. पंख्याची अडचण मला समजते, पण पलंग तिथून हलवावा. गादीच जमिनीवर घालता आली तर आणखी उत्तम.

मृण्मयी_मुलुंड

सोळा इंच हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. आज दुपारी टेप घेऊन पाहिले, आमची गादी एकवीस इंचांवर आहे, म्हणजे उरतात पंधरा. कपाट उद्याच हलवतो. खिडकी मर्यादित उघडावी म्हणून रुळावर लावायचे अडसर मिळतात, ते पुरतील का?

कुर्ल्याचे_लोखंडकाम

अडसर चांगले आहेत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चिकटपट्टीवर बसणारे अडसर मुंबईच्या दमट हवेत सुटतात, म्हणून रुळाला स्क्रूने आवळले जाणारे घ्यावेत. आणि सरकत्या खिडकीची झापे दोन्ही बाजूंना सरकतात. लोक उजवीकडे अडसर लावतात आणि डावीकडून खिडकी पूर्ण उघडते. तीन रुळांची खिडकी असेल तर प्रत्येक काचेच्या झापाला स्वतंत्र अडसर लागेल. इथे मात्र मी समीररावांचा चार इंचांचा नियम कमाल मर्यादा म्हणून मान्य करतो, कारण खिडकीची फट कट्ट्याच्या वर असते आणि पलंग हलवल्यावर बाळ तिथे पाय आधी घालून सरकू शकत नाही. तरीही मला विचाराल तर अडसर हा तात्पुरता उपाय आहे आणि खिडकीला आतून उभ्या गजांचे ग्रिल हाच कायमचा.

वर्सोवा_निखिल

तारेच्या ग्रिलबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी वर्सोव्याला ते बसवले. तारा स्टेनलेस स्टीलच्या, वर पातळ आवरण असलेल्या आणि दोन इंचांच्या अंतरावर आहेत. दिसायला ते उत्तम आहे आणि वारा मोकळा येतो. परंतु काकांनी सांगितलेला ठोकळा मी आज करून पाहिला. नुसता धरला तर तो जात नाही, पण जोराने ढकलला तर दोन तारा फाकतात आणि तो आरपार जातो. मधल्या भागात हे जास्त होते, कारण आमच्या तारा सात फूट लांबीच्या आहेत आणि मध्ये कुठेही आधाराची पट्टी नाही.

कुर्ल्याचे_लोखंडकाम

निखिलराव, आपण ढकलून पाहिलेत हे फार योग्य केलेत. तारेच्या ग्रिलमध्ये अंतराइतकाच ताण महत्त्वाचा असतो. तारा लांब असतील तर दर दोन-अडीच फुटांवर आधाराची पट्टी हवी, म्हणजे तारा फाकत नाहीत. तारा उभ्या असतील तर ती पट्टी आडवी येते आणि मुलाला पायरी मिळते, हा त्यातला तिढा आहे. म्हणून पहिली पट्टी तीन फुटांच्या वर घ्यावी आणि खालच्या भागात तारा दोन इंचांऐवजी दीड इंचावर घ्याव्यात. ताण दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा आवळून घ्यावा. आवरणाखाली पाणी शिरून तार कुठे गंजते आहे का, हे बाहेरून दिसत नाही. तारेच्या टोकाशी, जिथे ती चौकटीत जाते, तिथे तपकिरी ओघळ दिसला तर ती तार बदलावी. समुद्राच्या इतक्या जवळ किती वर्षांनी तारा बदलाव्यात, याबद्दल आमच्याच धंद्यातल्या लोकांमध्ये एकमत नाही.

आरती_नर्स

एक विनंती. पूर्ण गॅलरी किंवा खिडकी ग्रिलने बंद करणार असाल तर त्यात उघडणारी झडप जरूर ठेवा. आग लागली आणि मुख्य दारातून बाहेर पडता आले नाही, तर अग्निशमन दलाच्या जवानांना आत येण्यासाठी आणि तुम्हाला बाहेर पडण्यासाठी तीच एक वाट असते. तिला कुलूप लावायचे असेल तर किल्ली कपाटात ठेवू नये.

समीर_दे

मग किल्ली कुठे ठेवावी? हाताशी ठेवली तर मोठे मूल ती घेईल, दूर ठेवली तर धुरात ती सापडणार नाही.

आरती_नर्स

आमच्याकडे त्याच भिंतीवर, मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, एका खिळ्याला लाल दोरीने अडकवलेली असते आणि ती जागा घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनाही, माहीत आहे. मुलगा मोठा होऊन स्टुलावर चढू लागल्यावर ती व्यवस्था बदलावी लागेल, हे मलाही दिसते आहे.

पुष्पाताई_चारकोप

स्टुलावरून आठवले. मृण्मयी, गॅलरीत कुंड्या, कपड्यांची टोपली, धुलाई यंत्र, एसीचे बाहेरचे यंत्र यांतले काही कठड्याला लागून असेल तर तेही पाहून घे. आमच्या शेजाऱ्यांनी कठडा व्यवस्थित करून घेतला होता, पण जुने धुलाई यंत्र तिथेच ठेवले होते. त्यावर चढले की कठडा कमरेएवढाही राहत नाही. आणि कपडे वाळत घालायच्या दांडीच्या दोऱ्या खाली लोंबत असतात, त्या वर गुंडाळून खुंटीला बांधाव्यात. पडद्यांच्या दोऱ्यांचेही तसेच. बाळाच्या गळ्यात त्यांचा फास बसायला वेळ लागत नाही.

मृण्मयी_मुलुंड

आजची स्थिती लिहिते. पलंग हलवला आहे. पंखा पोहोचत नाही म्हणून टेबल पंखा भिंतीवर उंच लावला आहे. दोन्ही काचेच्या झापांना स्क्रूचे अडसर लावले आहेत आणि खिडकी आता साडेतीन इंचांपेक्षा जास्त उघडत नाही. एसीचे यंत्र कठड्यापासून फूटभर अंतरावर आहे, पण पुष्पाताईंचे वाचून मी त्याच्या बाजूचे कुंड्यांचे लोखंडी स्टँड काढले. चारकोपच्या जिन्याला सुतार रविवारी येणार आहे. यू बोल्टची कल्पना त्याला लगेच समजली.

गॅलरीच्या कामात मात्र अडचण आली आहे. सोसायटीच्या समितीचे म्हणणे असे की कठड्यात नवे गज घातले तर इमारतीचे बाहेरचे रूप बदलते, त्यामुळे सभेत ठराव व्हायला हवा आणि पुढची सभा दोन महिन्यांनी आहे. बाहेरून काहीच न दिसेल असा आतला पत्रा चालेल का, असे मी त्यांना लेखी विचारले आहे.

कुर्ल्याचे_लोखंडकाम

आतून लावायचा पत्रा कठड्याला भोक न पाडता, क्लॅम्पने आवळूनही बसवता येतो. पाच मिलिमीटर जाडीचा घ्यावा आणि दर दीड फुटावर एक क्लॅम्प ठेवावा. पत्र्याची खालची कड लादीपासून दोन सेंटिमीटरवर यावी, म्हणजे खालची साडेचार इंचांची फटही झाकली जाते. वाऱ्याचा जोर मात्र सातव्या मजल्यावर पुष्कळ असतो. अखंड पत्र्यावर तो सगळा जोर कठड्याच्या खांबांवर येतो, म्हणून गुडघ्याने खांब तपासण्याचे काम आधी करावे. ते झाले का?

मृण्मयी_मुलुंड

झाले. पाचपैकी चार खांब घट्ट आहेत. भिंतीपासून दुसरा खांब जोर दिल्यावर हलतो आणि त्याच्या बुडाशी आपण म्हणालात तशी भुकटी पडते. समितीला तेही लेखी कळवले आहे, त्याची छायाचित्रे जोडली आहेत आणि दुरुस्तीसाठी सभेची वाट पाहणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. तोवर दाराची वरची कडी लावलेली राहील. सासूबाईंनी ती कडी दिवसातून दोनदा तपासण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे.